अनुभव: पैसे भरून ओव्हरहॉल केलेले घड्याळ मागे पडते, हे सर्व्हिस सेंटरला पत्राने कसे पटवले?

मृणाल
काल कपाट आवरताना वडिलांच्या चावीच्या घड्याळाची पावती सापडली आणि तिला टाचलेली माझ्या तक्रारपत्राची प्रतही. संपूर्ण ओव्हरहॉल होऊन घड्याळ घरी आले, तरी ते रोज चार-पाच मिनिटे मागे पडत होते. मी "घड्याळ नीट चालत नाही, कृपया पाहावे" एवढेच लिहून ते परत पाठवले, तेव्हा "यंत्रावर तपासले, गती मर्यादेत आहे" अशी चिठ्ठी जोडून त्यांनी ते तसेच परत केले. मला ते फार लागले, कारण बाबांनी ते घड्याळ आयुष्यभर जपले होते.

दुसरे पत्र लिहिण्याआधी मी आठवडाभर नोंद ठेवली. त्या पत्राचा मुख्य भाग असा होता:

"सकाळी ८ वाजता पूर्ण चावी देऊन, सेकंदकाटा १२ वर असताना मिनिटकाटा बरोबर रेघेवर लावला. रात्री ९ वाजता मिनिटकाटा १ मिनिट मागे होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता ४ मिनिटे मागे होता. त्याच वेळी सेकंदकाटा मात्र प्रमाणवेळेच्या केवळ ३ सेकंद पुढे होता. सातही दिवस असेच घडले. आपल्या यंत्रावरील गती बरोबर असेलही, पण काटे त्या गतीने फिरत नाहीत. तरी ओव्हरहॉलच्या हमीत दुरुस्ती करावी आणि काटे बसवलेल्या स्थितीत किमान २४ तास निरीक्षण करून त्याची लेखी नोंद द्यावी."

या पत्रानंतर मात्र त्यांनी घड्याळ पुन्हा उघडले. आपणही असे पत्र लिहिले असल्यास कृपया सांगा.

शरद_जो
घड्याळात चुंबकत्व शिरले असणार. माझ्या घड्याळाचे तेच झाले होते आणि चुंबकत्व काढताच ते ठीक झाले. पत्रात तेच लिहायला हवे होते.

विनायककाका
शरदराव, चुंबकत्वाने बिघाड होतो हे खरे, पण केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ बहुधा पुढे पळते. शिवाय गतीच बिघडली असती, तर सेकंदकाटाही चुकला असता. मृणालताईंचा सेकंदकाटा बरोबर होता, हीच या प्रकरणाची किल्ली आहे.

मी बरीच वर्षे घड्याळे उघडली आहेत. मिनिटकाटा ज्या नळीवर बसतो तिला आम्ही कॅनन पिनियन म्हणतो. ती मधल्या चक्राच्या दांड्यावर केवळ घर्षणाने पकडलेली असते, कारण वेळ लावताना चक्रे न फिरता काटे फिरायला हवेत. सफाईनंतर ही पकड ढिली राहिली, तर आतली चक्रे अचूक चालतात आणि काटे घसरतात. यंत्र बॅलन्सची टिकटिक ऐकते, त्याला काटे दिसत नाहीत, म्हणून त्यांची चिठ्ठीही खोटी नव्हती. रात्री जास्त घसरण झाली, कारण तारीख बदलताना काट्यांच्या चक्रांवर भार वाढतो. काटे लावताना चावी लोण्यातून फिरल्यासारखी हलकी लागत होती का?

मृणाल
होय काका, अगदी तशीच! पूर्वी बोटांना थोडा विरोध जाणवायचा. हे पत्रात लिहायचे मला सुचलेच नाही.

स्नेहल
माझे ऑटोमॅटिक घड्याळ सर्व्हिसिंगनंतर दर सोमवारी मागे पडलेले असते, मीही हेच पत्र पाठवू का? शनिवार-रविवार मी ते घालत नाही. (मुलाचा डबा भरता भरता लिहीत आहे, चुका झाल्यास क्षमस्व.)

विनायककाका
स्नेहलताई, हे पत्र तूर्त पाठवू नका. दोन दिवस न घातल्याने त्यातील चावी संपत आली असेल किंवा ते मध्ये थांबून सोमवारी हातात घालताच पुन्हा सुरू होत असेल. पूर्ण चावी देऊन २४ तासांनी दोन्ही काटे पाहा आणि मगच लिहा.

अभय_क
मृणाल, शेवटी त्यांनी कॅनन पिनियन बदलले की घट्ट केले? मी माझ्या पत्रात "कॅनन पिनियन घट्ट करावे" असे स्पष्ट लिहिले आहे.

मृणाल
त्यांनी "काट्यांची पकड दुरुस्त केली" एवढेच लिहिले. नेमके काय केले ते मला आजही ठाऊक नाही. घड्याळ मात्र त्यानंतर मागे पडले नाही.

विनायककाका
अभयराव, उपाय त्यांच्यावर सोडावा असे माझे मत आहे. काही घड्याळांत ही पकड कॅनन पिनियनवर नसून दुसऱ्याच चक्रात असते. आपण चुकीचा भाग लिहिला, तर "तो भाग ठीक आहे" असे उत्तर देऊन ते मोकळे होतात. जरुरीपेक्षा घट्ट केले, तर चावी जड होते आणि काटे लावणाऱ्या चक्रांचे दात झिजतात.

अभय_क
मला हे पटत नाही काका. भागाचे नाव लिहिले की ग्राहकाला समजते, हे त्यांना कळते. पण पत्र अजून टाकलेले नाही, त्यामुळे सेकंदकाट्याची नोंद त्यात घालतो. आज रात्री तारीख बदलण्याआधी आणि नंतर पाहीन.