'पर्व' एकच असेल तर त्याला पर्व म्हणायचं का?

टिपणवाली
एका मासिकासाठी कोरियन मालिकांवर छोटी टिपणं लिहिते आहे. प्रत्येकाखाली चौकट असते: वाहिनी, वर्ष, भाग, पर्व. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'च्या चौकटीत मी 'भाग १६, पर्व १' असं लिहिलं. संपादकांनी खूण करून परत पाठवलं: "पर्व १ वाचलं की वाचक पर्व २ शोधत बसणार, आणि ते नाहीच." मग तिथे लिहू काय? दुसरा घोळ असा की 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग'चे मी १६ भाग लिहिले होते, ते मुद्रितशोधकांनी ३२ केले. दोन्ही आकडे छापील दिसतात. कुठला ठेवू?

निर्मळ
मुळात सीझनला 'पर्व' हा शब्दच वाहिन्यांनी चिकटवला. महाभारताची अठरा पर्वं एकाच कथेची आहेत. पर्व म्हणजे सांधा. उसाचं पेर त्याच शब्दातून आलं. एका पेराचा ऊस कुणी पाहिलाय का? सरळ 'हंगाम' लिहा.

रानमेवा
आमच्याकडे हंगाम म्हटलं की साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. आणि निर्मळ, हंगाम फारसी आहे बरं का.

निर्मळ
रुळलेला फारसी शब्द मला चालतो. न रुळलेला संस्कृत चालत नाही.

बिंजबहाद्दर
एवढा काथ्याकूट कशाला? कोरियात दुसरा सीझन काढतच नाहीत, तसा नियमच आहे तिकडे. १६ भाग, एक सीझन, खेळ खलास. चौकटीतून 'पर्व' काढून टाका.

हान_नदीकाठी
नियम आहे, पण तो जाहिरातींचा होता आणि त्यातच टिपणवालींच्या ३२चं उत्तर आहे. एसबीएस, एमबीसी, केबीएस या जुन्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मधोमध जाहिरात दाखवायला मनाई होती. टीव्हीएनसारख्या केबल वाहिन्यांना मुभा होती. मग साधारण २०१७पासून जुन्या वाहिन्यांनी युक्ती केली. तासाभराचा भाग मधोमध कापायचा, दोन्ही अर्ध्यांना वेगळे क्रमांक द्यायचे आणि दोन 'भागां'च्या मध्ये जाहिरात लावायची. 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' त्याच वर्षीची, एसबीएसवरची. बुधवारी दोन अर्धे, गुरुवारी दोन अर्धे, असे आठ आठवड्यांत ३२ झाले. प्रेक्षकाच्या लेखी संध्याकाळी एकच भाग, म्हणून १६. जुलै २०२१मध्ये मनाई उठली आणि अर्धे भाग करायची गरजच उरली नाही. तेव्हा दोन्ही आकडे खरे. ओळखायची खूण म्हणजे भागाची लांबी: पस्तीसेक मिनिटं असेल तर तो अर्धा धरा. फक्त रोज लागणाऱ्या मालिकांना ही खूण लावू नका. त्यांचे भाग मुळातच अर्ध्या तासाचे असतात आणि शंभराच्या वर जातात.

टिपणवाली
हे फार कामाचं आहे. म्हणजे '१६ (प्रक्षेपणात ३२ अर्धे)' असं लिहिते. पर्वाचं मात्र राहिलंच.

चार_वाजताचा_चहा
माझ्या सासूबाई रोज दुपारी बघतात. मराठी उपशीर्षकं कुठे मिळतील कुणी सांगेल का? त्यांना हिंदी डबिंग आवडत नाही, सगळे एकाच आवाजात रडतात म्हणतात.

जुना_प्रेक्षक
दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका यायच्या, तेव्हा आम्ही 'पर्व' वगैरे काही म्हणत नव्हतो. मालिका म्हणजे मालिका. चालली तर तेरा भाग वाढवून मिळायचे. संपणारी मालिका हे कोरियन नवल नाही, आपणच विसरलो.

हान_नदीकाठी
वाढवून घेणं इथेही होतं, पण ते मालिका चालू असताना. 'जुमोंग' ६० भागांची ठरली होती, ती ८१वर गेली. 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' २०ची २१ झाली. शेवट होऊन गेल्यावर वर्षभराने पुन्हा उघडणं ही निराळी गोष्ट. कोरियनमध्ये आधी ठरलेल्या एकूण संख्येला शब्द आहे 'बूजाक': सोळा-बूजाक म्हणजे सोळा भागांत घडवलेली कृती. जाहिरातीतच ती संख्या सांगतात. सुट्या भागाच्या क्रमांकाला शब्द वेगळा. आणि सीझन हा उसना शब्द मुद्दाम तेव्हा येतो, जेव्हा मालिका पुढे चालणार असते. त्या पद्धतीला 'शिजुन्-जे' म्हणतात, सीझन-व्यवस्था. बाकीच्या मालिकांना सीझन लावतच नाहीत.

रानमेवा
घ्या, बूजाक! निर्मळ, हा रुळला की चालेल ना?

निर्मळ
'षोडशभागी' म्हणा. अर्थ तोच, शिवाय आपला.

बिंजबहाद्दर
षोडशभागी ऐकून मला श्राद्धाचं आमंत्रण आल्यासारखं वाटलं. आणि मी म्हटलं ते खरंच झालं की, पुढे काढत नाहीत.

हान_नदीकाठी
पूर्ण खरं नाही. 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' सुरुवातीपासूनच सीझनांसाठी योजलेली होती: २०२० आणि २०२१, दोन्ही वेळा १२ भाग, आठवड्याला एकच. 'डॉक्टर रोमँटिक' तीनदा आली. पण नेहमीच्या प्रेमकथेचं का अडतं, ते क्रॅश लँडिंगवरच बघा. १४ डिसेंबर २०१९ ते १६ फेब्रुवारी २०२०, शनिवार-रविवार. दहा आठवडे होतात, त्यातले दोन सुट्टीचे, एक चांद्र नववर्षाचा. राहिले आठ, म्हणजे सोळा भाग. पुढच्याच शनिवारी, २२ फेब्रुवारीला, त्याच वेळेला 'हाय बाय, ममा!' सुरू. ती जागा महिनोन् महिने आधी दुसऱ्याला दिलेली असते. सगळे भाग बहुधा एकच लेखक किंवा लेखिका लिहितात, इथे पार्क जी-उन. शेवट डोक्यात ठेवूनच गाठी मारलेल्या असतात आणि सोळाव्या भागात सुटतात. कलाकारांशी करारही तेवढ्याच कामाचा असतो. मालिका गाजली की मानधन वाढतं, तारखा मिळत नाहीत, तरुण नटांना सक्तीची सैन्यसेवा असते ती वेगळीच.

टिपणवाली
आणि तरीही पुढे काढलीच तर?

हान_नदीकाठी
'आर्थदाल क्रॉनिकल्स' बघा. पहिला सीझन २०१९, दुसरा २०२३. नायक साँग जूंग-कीच्या जागी ली जून-गी, नायिका किम जी-वॉनच्या जागी शिन से-क्युंग. पात्रं तीच, चेहरे नवे.

जुना_प्रेक्षक
आपल्या रोजच्या मालिकेत एका भागापुरती पाटी लावतात, 'यापुढे ही भूमिका अमुक करतील', आणि कुणाला काही वाटत नाही.

चार_वाजताचा_चहा
सासूबाईंना वाटतं. सुनेचा चेहरा बदलला तेव्हा दोन दिवस टीव्ही बंद होता.

रानमेवा
पण 'स्क्विड गेम' तीनदा आलीच की. नऊ, सात, सहा असे भाग.

हान_नदीकाठी
ती वाहिनीवरची नाही, त्यामुळे पुढच्या शनिवारी दुसरी मालिका लावायची घाई नव्हती. त्यात तिसरा सीझन म्हणजे खरं तर दुसऱ्याचीच अर्धवट राहिलेली गोष्ट. 'द ग्लोरी'चंही तसंच: सोळा भागांची एकच कथा, आठ-आठ करून दोनदा दिली. लोक बिनधास्त सीझन २ म्हणतात.

निर्मळ
तिथे मात्र 'पर्व' चपखल बसेल! एकच कथा, दोन पर्वं. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

बिंजबहाद्दर
तुम्ही पहिल्यापासून हंगाम म्हणताय.

टिपणवाली
सध्या रकान्याचं नाव 'पर्व' बदलून 'पुढे?' केलंय. क्रॅश लँडिंगला 'नाही', द ग्लोरीला 'दोन खंडांत'. संपादक म्हणाले, चौकटीत प्रश्नचिन्ह शोभत नाही.

रानमेवा
'खंड' कशाला? तो शब्द पडला की पाऊस थांबला असं वाटतं.

निर्मळ
खंड हा शब्द ग्रंथांना शतकानुशतकं वापरलाय. यावर वेगळा धागा काढतो.