अनुभव धागा: काम अर्ध्यावर आणि पार्टी अचानक गप्प

लांजेकर_बांधकाम
काल एका पोराचा फोन आला, नुकताच लायसन काढून कामं घ्यायला लागलाय. मुंबईच्या पार्टीचं घर लिंटेलपर्यंत आलंय आणि मालक फोन उचलत नाहीत. मला माझं राजापूरकडचं एक जुनं काम आठवलं. तेच लिहितो, तुम्हीही लिहा.

चिरेबंदी घर, सिमेंट सोडून बाकी माल आणि मजुरी मिळून 14 लाखांत ठरलं होतं. सिमेंट मालकांनीच भरलं होतं. पैसे टप्प्यांनी: सुरुवातीला 2.80, जोतं झाल्यावर 3.50, लिंटेलला पुन्हा 2.80, उरलेले छप्पर आणि फिनिशिंगला. पहिले दोन हप्ते वेळेवर आले. लिंटेल ओतलं, फोटो टाकले, निळ्या टिका आल्या आणि त्यानंतर एक शब्द नाही. मे महिना अर्धा सरलेला.

मी गवंडी लगेच काढले नाहीत, पण पुढचं कामही चढवलं नाही. आधी घर पावसाला टिकेल असं करून घेतलं. गेबलची त्रिकोणी भिंत सुरू करायची होती, ती थांबवली. छपराशिवाय उभी राहिलेली ती भिंत पहिल्याच वाऱ्यात आडवी होते. भिंतींच्या माथ्यावर उताराचा मालाचा थर दिला, म्हणजे पाणी सांध्यांत मुरत नाही. कॉलमच्या वर आलेल्या सळ्यांना सिमेंटची खळ लावली, खाऱ्या हवेत त्या एका पावसाळ्यात गंजतात. जोत्याच्या आत पाणी साठू नये म्हणून वाट काढून दिली. मजूर धरून खर्च 11 हजार. भाड्याचं सेंट्रिंग त्याच आठवड्यात परत पाठवलं, कारण त्याचं भाडं रोज चढतं.

मग कागद. शेजारच्या दोघांना बोलावून मापं घेतली, त्यांच्या सह्या घेतल्या. सिमेंटच्या 35 गोण्या उरल्या होत्या, पावसाळाभर ठेवल्या असत्या तर दगड झाल्या असत्या. त्या मी दुसऱ्या कामावर वापरल्या आणि 400 च्या भावाने 14 हजार मालकांच्या नावे जमा धरले. हिशेब: लिंटेलचे 2.80 लाख, अधिक 11 हजार, वजा 14 हजार. येणे 2,77,000. हे एका पानावर लिहून व्हॉट्सॅपवर आणि पोस्टाने त्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवलं. खाली लिहिलं: 'काम बंद नाही, थांबवलं आहे. 10 जूनपर्यंत कळवा. त्यानंतर माणसं दुसरीकडे जातील आणि पुन्हा सुरू करायचं झालं तर मजुरीचा तेव्हाचा दर लागेल.'

कुडाळची_सई
दादा, आलं का उत्तर?? अर्ध्यावर सोडू नका 🙏

आजगावकर
बांधकाम माका म्हायत नाय. पण मुंबैक फोन लावून काय उपयोग? तेंची आवस गावात असतली तर तिका जावन भेट. आमच्या गावात अर्धे वेळा उलगडो तसोच होता.

लांजेकर_बांधकाम
आजगावकर, तुम्ही अगदी बरोबर बोललात. आई नव्हती, काकू होती. तिच्याकडे चहाला गेलो तेव्हा कळलं, जमीन सामायिक. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं आहेत आणि एका चुलत्याने हरकत घेतली आहे. वकिलांनी मालकांना कुणाशीच काही बोलू नका म्हणून सांगितलेलं. म्हणजे माणूस लबाड नव्हता, अडकलेला होता. हे कळलं म्हणून मी भाषा सौम्य ठेवली, पण हिशेब तोच ठेवला.

मालवण_डिझाईन
माझं वेगळं आहे हो. होमस्टेच्या वेबसाइटा करते. पन्नास टक्के आगाऊ, डिझाईन दाखवलं, 'छान आहे' म्हणाले आणि मग शांत. मला फोटो आणि खोल्यांचे दर हवे होते. मी रोज 'काही अपडेट?' विचारायचे. मग एकदा मेसेज बदलला: 'मी गेल्या वर्षीचेच दर टाकून शुक्रवारी साइट तुम्हाला दाखवते. चालेल ना? नुसतं हो किंवा नाही लिहा.' तासाभरात 'हो' आलं. त्यांच्याकडे दर ठरलेच नव्हते आणि ते कबूल करायचं नव्हतं. तोवर खरी साइट चालू केली नव्हती, उरलेले पैसे आल्यावरच केली.

गुहागर_होमस्टे
आमच्याकडेही असंच! पर्यटक रूम विचारतात, भाव विचारतात, मग गायब. डिसेंबरात तर फार.

मालवण_डिझाईन
ताई, ते चौकशीवाले गिऱ्हाईक. इथे काम घेऊन, पैसे देऊन मध्येच गप्प झालेल्यांचं चाललंय 🙂 पण तुमचं मोदकाचं जेवण मी विसरलेले नाही.

गुहागर_होमस्टे
हो का, मी घाईत वाचलं. ये परत, उकडीचे करते.

चिपळूण_सप्लायर
एवढं कशाला? उद्यम नोंदणी करा. 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर तिप्पट व्याज. कायदाच आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
अर्धं बरोबर. 2006 चा एमएसएमईडी कायदा आहे खरा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. व्याज बँक रेटच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ. पण नोंदणी काम घेण्याआधीची असलेली बरी, नंतर केलेली चालते का यावर वाद होतात. बांधकामाच्या कंत्राटाला हा कायदा लागतो का यावरही कोर्टांची मतं एक नाहीत. डिझाईनवाल्या बाईंना तो जास्त उपयोगी पडेल.

मला दुसरं एक सांगायचंय, कारण यात पुष्कळ जण फसलेले पाहिलेत. केलेल्या कामाचे पैसे मागायला मुदत तीन वर्षं, काम झालं तेव्हापासून. लोकांना वाटतं, आपण दर सहा महिन्यांनी आठवण पाठवली की मुदत पुढे सरकते. आपल्या पत्राने ती अजिबात सरकत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत सही करून 'देणं आहे' असं लिहून दिलं किंवा थोडे पैसे लेखी नोंदीसह दिले, तरच तिथून नव्याने मोजतात. म्हणून गप्प पार्टीने कधी तोंड उघडलं, तर पूर्ण पैशांसाठी भांडण्याआधी थोडी रक्कम आणि सहीची एक ओळ मिळवा.

चिपळूण_सप्लायर
हे माहीत नव्हतं. व्हॉट्सॅपवरचं 'देतो' चालेल का?

निवृत्त_ओव्हरसियर
पुरावा म्हणून जपून ठेवा. सहीच्या जागी धरतील की नाही ते वकील सांगेल, मी खात्री देत नाही. कागदावर घ्या.

देवगड_प्लंबर
भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री नाही टाकलीत? आमच्याकडे टाकतात.

लांजेकर_बांधकाम
समुद्राकडच्या वाऱ्यात ती फडफडून कडेचे चिरे हलवते. उताराचा थर बरा. चिरे आता काय भावाने मिळतायत तुमच्याकडे?

देवगड_प्लंबर
विचारू नका. खाणीवरून वेगळा, उतरवून वेगळा.

कुडाळची_सई
अहो, पण उत्तर आलं का ते सांगा ना!

लांजेकर_बांधकाम
मालकांना पत्र मिळालं होतं. जूनमध्ये त्यांच्या भावाने फोन केला, 1 लाख पाठवले आणि वाद मिटेपर्यंत थांबा म्हणाले. मी त्यांच्याकडून बाकीच्या 1,77,000 ची ओळ लिहून घेतली. दसऱ्यानंतर चुलत्यांनी संमतीपत्र दिलं, काम पुन्हा सुरू झालं आणि बाकी छपराच्या हप्त्याबरोबर आली. मजुरीच्या वाढीव दरावर मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं नाही, निम्मा फरक मी सोसला. त्या पोराला मी एवढंच सांगितलंय, आज संध्याकाळी आधी सळ्यांना खळ लाव आणि उद्या गावात मालकांचं कोण आहे ते बघ.

मालवण_डिझाईन
त्याच्या साइटचा सातबारा कुणी पाहिलाय का?

लांजेकर_बांधकाम
उद्या ऑनलाइन काढून देतो त्याला.