मदत हवी आहे: निबंधाचा पहिला परिच्छेद वाचून सांगता का?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव भंडारा जिल्ह्यातलं. निबंध मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर. सुरुवात अशी केली आहे:

"आमच्या तलावाचा गाळ उन्हाळ्यात काढला, तरी शेवटच्या बांधीतला धान यंदाही वाळला. गोंड राजवटीत कोहळी समाजाने असे तलाव बांधले. पुढे मालगुजारी आली, 1951 मध्ये ती संपली. तलाव सरकारकडे गेले. त्यामुळे गाळ काढण्याइतकंच पाणीवाटप गावाच्या हाती देणंही गरजेचं आहे."

पहिलं वाक्य पकड घेतं असं मला वाटते. पण मैत्रिणीला एवढाच परिच्छेद वाचायला देऊन माझं म्हणणं काय ते विचारलं, तर ती म्हणे, "तलावांचा इतिहास ना?" म्हणजे मुद्दा इतिहासाखाली गाडला गेला. त्यात "इतकंच" आणि "देणंही"मुळे तो मिळमिळीतही झाला.

आता इतिहास दुसऱ्या परिच्छेदात ढकलून धानाच्या वाक्याला लागूनच हे लिहू का: "गाळ काढल्याने तलाव भरतो, टोकाच्या बांधीला पाणी मिळायचं तर वाटपाचा अधिकार गावाकडे हवा"?

अडचण एकच. 1951 चा उल्लेख मागे गेला तर गावाचा अधिकार गेला कधी, हे वाचणाऱ्याला कळेल का? नुसतं "छान आहे" नको जी, वाचताना कुठं अडलात तेवढं सांगा.