प्रतिसाद: किल्ली एचएसएममध्ये, पण डेटा?

> "किल्ली एचएसएममध्ये आहे, व्हीएमवर एसईव्ही-एसएनपी चालू आहे. मग आता मेमरीतला डेटा सुरक्षित समजायचा ना?"

अजून नाही. एचएसएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं वेगळं हार्डवेअर, स्वतःच्या पोटातली किल्ली जपतो, पण त्याने उलगडून दिलेला डेटा तुमच्या रॅममध्येच येतो. एसएनपी या एएमडी प्रोसेसरच्या सोयीमुळे व्हीएमची ती रॅम एन्क्रिप्टेड राहते हे खरं. पण एसएनपी खरंच चालू आहे याची खात्री तुम्ही कदाचित हे पाहून केली असेल:

```
sudo dmesg | grep -i sev
```

ही ओळ व्हीएम स्वतःबद्दल सांगतंय. व्हीएम चालवणारा होस्टच लबाड असेल तर तो साधं व्हीएम उभं करून त्यात हीच ओळ छापून घेईल.

म्हणून किल्ली देण्याआधी अटेस्टेशन, म्हणजे व्हीएमबद्दल प्रोसेसरने सही करून दिलेला पुरावा, हवंच. तुमची की-सर्व्हिस एक ताजा यादृच्छिक आकडा पाठवते. व्हीएम तो आकडा आणि स्वतःची पब्लिक की यांचा हॅश `REPORT_DATA` या ६४ बाइटच्या जागेत घालून प्रोसेसरकडून सही केलेला रिपोर्ट घेतं. सर्व्हिसने सहीची साखळी एएमडीच्या मूळ किल्लीपर्यंत तपासायची, मेजरमेंट, म्हणजे व्हीएम सुरू होताना लोड झालेल्या गोष्टींचा हॅश, अपेक्षित इमेजशी जुळवायचं आणि मगच डेटाची किल्ली त्या पब्लिक कीने गुंडाळून द्यायची.

रिपोर्टमधल्या पॉलिसीतला डीबग बिट मात्र नक्की बघा, तो हमखास राहून जातो. तो १ असेल तर सही अस्सल, मेजरमेंट बरोबर, आणि तरीही होस्टला तुमची मेमरी उलगडून वाचता येते.

फर्मवेअरची किमान आवृत्तीही अटीत घाला. २०२४ मध्ये बॅडरॅम हल्ल्यात मेमरी मॉड्यूलवरच्या चिपमध्ये खोटा आकार लिहून एसएनपीला चकवलं होतं. त्यावरचा उपाय फर्मवेअरमधूनच आला.