मदत हवी आहे: चाल पक्की, शब्द दोन तऱ्हांचे. हे कोणतं ख्रिस्ती गीत?

फाटकी_वही

एका गीताची चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठ आहे, नाव मात्र सापडत नाही. पेटीवर पांढरी एक हा सा धरला तर पहिली ओळ अशी निघते:

ग ध प म ग रे ग

कडवं आठ ओळींचं. पहिल्या दोन ओळींची चाल तिसऱ्या-चौथ्या ओळीला जशीच्या तशी परत येते, पाचवीपासून बदलते.

शब्दांचे दोन तुकडे आहेत. हाती लिहिलेल्या एका पानावर मराठीत एवढंच वाचता येतं:

काट्यांचा मुकुट माथी,
वाहे रक्ताची धार

दुसरा तुकडा इंग्रजी. शब्द नीट ऐकू येत नाहीत, पण अर्थ असा आहे: प्रिय मित्रा, तुझे आभार मानायला मी कोणती भाषा उसनी आणू? चाल तीच, पण मराठी पानावर भाषेचा किंवा मित्राचा मागमूस नाही.

अक्षरं मोजली, ८ आणि ७ आली. म्हणून Hymnary.org वर 8.7.8.7 D या मीटरमध्ये शोधत बसलो. ढीगभर चाली निघाल्या, एकही जुळली नाही. मराठी ओळींचं इंग्रजी करून शोधलं तर काट्यांच्या मुकुटाची भलतीच गीतं येतात. ही दोन वेगळी गीतं आहेत का?

रविवारची_पेटी

सोपं आहे. फोनवर गूगल उघडा, माइक दाबा आणि १०-१५ सेकंद गुणगुणा. लगेच नाव येतं.

फाटकी_वही

केलं. तीन वेळा तीन वेगळी सिनेगीतं आली.

आल्टो_बाजू

ते सहसा गाजलेल्या ध्वनिमुद्रणांशी जुळवून पाहतं. मंडळीत संथ गायल्या जाणाऱ्या गीताला तिथे फारसा वाव नाही, त्यातून प्रत्येक स्वर लांबवला की ते आणखी गोंधळतं. थोडं जलद आणि शब्दांशिवाय, नुसतं 'ला ला' करून बघा. पण त्यावर विसंबू नका.

स्तुतिगान

"प्रिय मित्र" म्हणताय म्हणजे 'व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस' असणार. त्याचं मीटर 8.7.8.7 D च आहे, तुमच्या मोजणीशी बरोबर जुळतं. आमच्याकडे हे मराठीतही गातात. कॉर्ड हव्या असतील तर सांगा, माझ्याकडे एफ मध्ये आहेत.

मीटरमास्तर

शब्दांवरून तसं वाटेल, पण स्वर नकार देतात. तुम्ही म्हणता ती चाल कॉन्व्हर्सची, १८६८ची. ती प प ध प ग सा सा अशी सुरू होते, म्हणजे पहिले दोन स्वर सारखे. धागाकर्त्याची चाल पहिल्याच पावलाला ग वरून थेट ध वर उडी मारते आणि मग पायरी पायरीने चार स्वर उतरते. फक्त चढउतार लिहून पाहा. वर गेलं तर U, खाली आलं तर D, तोच स्वर राहिला तर R, आणि पहिल्या स्वराला तारा:

```
*UDDDDU     धागाकर्त्याची ओळ
*RUDDDR     कॉन्व्हर्सची ओळ, पहिले सात स्वर
```

याला पार्सन्स कोड म्हणतात, Musipedia वर तो जसाच्या तसा टाकता येतो. याची खुबी अशी की सा कुठला हे ठरवावंच लागत नाही. तोटाही तिथेच: सात स्वरांचा आकार शेकडो चालींना बसतो, निदान दोन ओळींचा कोड टाकावा.

आता मोजणीकडे या, खरी मेख तिथे आहे. तुम्ही कागदावरची अक्षरं मोजली. गाण्यात अक्षरं नाही, उच्चार मोजायचे. 'मुकुट' लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना मु-कुट्, दोन. 'धार' लिहिताना दोन, म्हणताना एक.

का-ट्यां-चा-मु-कुट्-मा-थी: ७
वा-हे-रक्-ता-ची-धार्: ६

म्हणजे मीटर 7.6.7.6 D. शेवटी 'अ' येणारा एकेक शब्द दोन्ही ओळींत आहे, त्यामुळे दोन्हींत एकेक वाढला आणि नेमकं 8.7 तयार झालं. 8.7.8.7 हे इतकं रुळलेलं मीटर आहे की चूक आहे अशी शंकासुद्धा येत नाही. खात्री करायची तर चालीचे स्वर मोजा. तुम्हीच दिलेल्या पहिल्या ओळीत सात स्वर आहेत, आठ नाहीत. (गाणारा एका उच्चारावर दोन स्वर घेत असेल तर हा ताळा फसतो, तेव्हा साध्या, ताना न घेता गायलेल्या कडव्यावरच करा.)

फाटकी_वही

मास्तर, हे डोक्यातच आलं नव्हतं. 7.6.7.6 D लावून चालींची यादी काढली. अजूनही पुष्कळ आहेत. स्वर आकड्यांत टाकले, 3654323, तर काही जुळत नाही.

रविवारची_पेटी

सा चुकला असेल. शेवटचा स्वर सा धरा, गीत नेहमी सा वर संपतं.

मीटरमास्तर

सा चुकला, हे बरोबर. शेवटच्या स्वराचा नियम मात्र इथे घात करील. ही चाल जिथून सुरू होते त्याच स्वरावर संपते, म्हणजे तुमच्या पेटीवर ग वर. त्याला सा धरलंत तर तिसरेच आकडे येतील.

चाल पांढऱ्या पट्ट्यांपलीकडे गेली नाही की आपण पांढरी एक हाच सा समजतो. हिचा तोल बऱ्याच संग्रहांत मायनरकडे मानतात, म्हणजे सा पांढरी सहावर. तसं धरलं की तेच स्वर प सां नि ध प म प होतात, नि आणि ध कोमल. आकडे असे:

```
3 6 5 4 3 2 3     सा = पांढरी एक
5 1 7 6 5 4 5     सा = पांढरी सहा
```

दुसरी ओळ टाकून बघा. टॉनिक सोल्फाच्या पुस्तकातून शोधणाऱ्यांना उलट अडचण येते. तिथे मायनर चालही 'ला' ला घर मानून लिहितात, त्यामुळे तिथे मी ला सो फा मी रे मी असंच दिसेल. कुठेही शोधा, दोन्ही करून पाहायचे.

फाटकी_वही

सापडली! चालीचं नाव PASSION CHORALE. आठही ओळी वाजवून पाहिल्या, तीच. पण पानावर इंग्रजीच्या पहिल्याच ओळी तीन तऱ्हांच्या दिसतात, आणि मूळ जर्मन.

रविवारची_पेटी

अरे, ही तर बाखची चाल! मॅथ्यू पॅशनमधली.

आल्टो_बाजू

बाखने ती त्यात पाच वेळा वापरली, चार आवाजांची बांधणी त्याची. चाल त्याच्याआधीची, हान्स लिओ हासलरची, १६०१ मधल्या एका प्रेमगीताची. फरक फक्त नावाचा नाही. हासलरच्या मूळ रूपात लय तिरकी, नाचरी आहे. बाखकडे सगळं सरळ चारच्या ठेक्यात. एखाद्या ध्वनिमुद्रणात लय वेगळी वाटली म्हणून "ही ती नव्हे" असं ठरवू नका. बाखच्या बांधणीत मधे जोडस्वरही येतात, ते आकड्यांत धरले तर जुळणी मोडते. ठोक्यावरचे स्वरच घ्या.

आणि चालीवरून गीत ठरत नाही. याच चालीवर आगमनकाळाची गीतंही गातात. शब्दांची खातरजमा वेगळी करावीच लागेल.

मीटरमास्तर

शब्दांचं असं. पाउल गेरहार्टचं जर्मन गीत १६५६चं, तेही एका जुन्या लॅटिन गीतावरून. इंग्रजीत जेम्स अलेक्झांडरने १८३० मध्ये केलं, हेन्री बेकरचं १८६१चं, रॉबर्ट ब्रिजेसचं १८९९चं. इंग्रजी पहिल्या ओळी अशा शोधा:

```
O sacred head, now wounded        अलेक्झांडर
O sacred head, surrounded         बेकर
O sacred head, sore wounded       ब्रिजेस
```

तुमचा "भाषा उसनी" हा तुकडा अलेक्झांडरचा. `what language shall I borrow` एवढं अवतरणचिन्हांत टाका, ते कडवं समोर येईल. गंमत म्हणजे जर्मनमध्ये भाषाही नाही आणि उसनवारीही नाही. तिथे सरळ म्हटलंय, प्रिय मित्रा येशू, तुझ्या मरणयातनांबद्दल मनापासून आभार. भाषेची कल्पना अनुवादकाने स्वतःची घातली. म्हणून तो तुकडा जर्मनमध्ये किंवा दुसऱ्या इंग्रजी अनुवादात शोधून मिळणार नाही. मित्र, आभार, मरण हे तीन शब्द मात्र दोन्हीकडे टिकलेत. अर्थावरून शोधताना अलंकार सोडा आणि असे नामशब्द धरा.

थोडक्यात, तुमचे दोन तुकडे एकाच गीताच्या वेगवेगळ्या कडव्यांतले असावेत. मराठी पहिल्या कडव्यातला, इंग्रजी बराच पुढचा.

स्तुतिगान

मग मराठी अनुवाद कोणत्या इंग्रजीवरून केलाय तेही कळेल की. काट्यांचा मुकुट कुणाकडे आहे ते बघायचं.

मीटरमास्तर

काट्यांचा मुकुट सगळ्यांकडे आहे. त्यावरून ठरत नाही. अनुक्रम मात्र बोलका आहे. बेकरकडे पहिल्या वाक्यातच काटेरी मुकुट येतो आणि लगेच रक्ताळलेलं मस्तक. अलेक्झांडरच्या पहिल्या कडव्याच्या सुरुवातीला दुःख आणि अपमान आधी, मुकुट मागून, आणि रक्ताचा शब्द त्या चार ओळींत नाही. जर्मनमध्ये रक्त आणि जखमा पहिल्याच ओळीत, मुकुट पुढे. तुमच्या पानावर आधी मुकुट, मग रक्त. हा बेकरकडे झुकता पुरावा आहे, पण दोन ओळींवरून मी पैज लावणार नाही. मराठीकार यमकासाठी ओळी उलटसुलट करतोच.

जाता जाता: 'काट्यांचा' या चालीवर थोडं अडखळतं. पहिला स्वर ठोक्याच्या आधी पडतो, त्यामुळे 'का' हलका राहतो आणि जोर 'ट्यां' वर येतो. मूळ पहिल्या ओळीत हलका 'ओ' आहे तिथे.

फाटकी_वही

पानावर खाली दुसऱ्या कडव्यातला एक शब्द लागतोय, बहुतेक 'मेंढपाळ'. त्यावरून काही?

मीटरमास्तर

दुर्दैवाने नाही. मेंढपाळ गेरहार्टकडे आहे, अलेक्झांडरकडेही आहे आणि बेकरकडेही. ज्याच्यावरून ठरेल तो शब्द फक्त एकाकडे असायला हवा. 'भाषा' मिळाली तर अलेक्झांडर. पान फाटलंय तिथे त्या जागी काही अक्षरं दिसतात का?

फाटकी_वही

'भा' किंवा 'मा' सारखं एक अक्षर आहे, पुढचं शाईत विरलंय. उन्हात धरून फोटो काढतो आणि इथे टाकतो.