गाडीवर डोसा की वडा?

"हाताला चव आहे, भांडवल जेमतेम. पुण्यात कर्वेनगरला संध्याकाळी एकटीने डोशाची गाडी लावू का?"

ताई, डोशाऐवजी वडापाव लावा. तव्यावर एका डोशाला तीन मिनिटं धरली तर तासाला वीसच होतात, आणि खरी गर्दी दोनेक तासच असते. कढईत पाच मिनिटांत दहा वडे निघतात. पाच किलो बटाट्यांचे साधारण शंभर होतात. सोलणं, गोळे वळणं दुपारी घरी, बसून. सारण पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर वाफेने वडा तेलात फुटतो. गाडीवर उरतं फक्त तळण, तेवढं पायांना झेपेल.

जागा ठरवण्याआधी कर्वेनगरला एखाद्या मंगळवारी आणि शनिवारी सातला उभ्या राहा. घराकडे परतणाऱ्यांची बाजू धरा. पलीकडून दुभाजक ओलांडून वड्यासाठी कोण येतंय! शेजारी चहावाला असेल तर उत्तमच.