झडीत आणि दिवेलागणीला दिसेल असा रेनकोट नि हेल्मेट कोणत्या रंगाचं घ्यावं?

दारव्ह्याची_ताई
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर रोज स्कूटीवर.

मागच्या बुधवारी झड लागली होती. पावणेसातला निघाले. अर्ध्या वाटेवर डाव्या हाताच्या पांदणीतून एक पिकअप सरळ डांबरी रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला, गाडी सरकली, पण पडले नाही. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. म्हणाला, "ताई, तुम्ही दिसल्याच नाही. लाईट दिसला, पण लय दूर वाटला." माझा हेडलाईट चालूच होता, या गाडीत तो बंद करताच येत नाही.

रेनकोट गडद निळा आहे, हेल्मेट काळं. दोन्ही बदलायचे आहेत. दोन हजारांत बसवायचं आहे. नवरा म्हणतो चकाकता पोपटी-पिवळा घे, भाऊ म्हणतो भगवा. हेल्मेट पांढरं की लाल? दुकानदार म्हणतो रंग कोणताही घ्या, रेडियमची पट्टी आहे म्हणजे झालं. कोणाचं ऐकू?

गजू_पाटील
ताई, लाल घ्या, डोळे मिटून. लाल सगळ्यात लांबून दिसते, म्हणून तर सिग्नल लाल असते. माह्यं हेल्मेट लालच हाये.

खाणीतला_सेफ्टीवाला
गजूभाऊ, सिग्नलचं वेगळं आहे, सिग्नल हा स्वतः जळणारा दिवा आहे. कापड नुसता पडलेला प्रकाश परत फेकतं. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी काळा दिसायला लागतो आणि हिरव्या-निळ्याकडचे रंग जास्त वेळ उजळ राहतात. संध्याकाळी अंगणातलं लाल जास्वंद पाहा. पानं अजून दिसत असतात, फूल मात्र काळं पडलेलं असतं. साधं लाल हेल्मेट सातनंतर जवळपास काळंच.

मी वणीकडे कोळसा खाणीत सेफ्टीचं काम करतो, जॅकेट वाटणं आणि तपासणं हे रोजचंच. ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चकाकता रंग आभाळातल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचा दिसणारा रंग करतो, म्हणून ढगाळ संध्याकाळी तो साध्या पिवळ्यापेक्षा कितीतरी उठून दिसतो. पण गाडीच्या लाईटमध्ये तो अतिनील प्रकाश नसल्यासारखाच, त्यामुळे पूर्ण अंधार पडला की त्याची जादू संपते. पट्टीचं उलट आहे. तिच्यावर पडलेला उजेड ती जिथून आला तिथेच परत पाठवते. म्हणजे समोरच्याचा हेडलाईट तुमच्यावर पडला तरच ती चमकणार.

आता तुमची पिकअप आठवा. ती आडव्या पांदणीतून आली. तिचा लाईट समोरच्या शेतात पडत होता, तुमच्यावर नाही. तिथे पट्टीचा काही उपयोग झाला नसता. तिथे रंगच कामाचा. अंधारात मागून ट्रक येतो तेव्हा पट्टी कामाची. दुकानदार अर्धंच सांगतोय.

वर्ध्याचा_सुमित
माझ्या रेनकोटच्या शिवणीतून पाणी येतं, खांदे पूर्ण भिजतात. आतून टेप मारलेला रेनकोट कुठे मिळेल? नागपूरला सीताबर्डीत पाहिला, तिथे नव्हता.

पिकअपवाला_दिग्रस
सुमितभाऊ, ताईचं इच्यारनं वेगळं हाये, शिवनीचा धागा येगळा काढा.

ताई, मी पिकअप चालवतो, तुमच्या समोर आलेली माही नव्हती. पन काचेतून काय दिसते ते सांगतो. वायपर मारला की एक क्षण साफ, मंग पुन्हा सगळं पसरते. त्यात एक लाईट एकटाच दिसला तर तो जवळ हाये का दूर, समजतच नाई. कारचे दोन लाईट असतात, त्याईच्यातली जागा वाढत जाते तसा अंदाज येते. म्हनून एका ठिपक्यापेक्षा आंगाचा मोठा तुकडा दिसला पायजे. दोन्ही खांदे अन् हेल्मेट दिसलं की मानूस हाये हे लगेच समजते.

अन् दुसरी गोष्ट. निम्म्या लोकाईचा रेनकोट मागून लोंबते अन् टेललाईट झाकून टाकते. मागून पाहिलं तं गाडीले लाईटच नाई! बसल्यावर कोनाले तरी मागून पाहाले लावा.

दारव्ह्याची_ताई
काका, आजच नवऱ्याला पाहायला लावलं. खरंच, अर्धा टेललाईट झाकला होता. आता बसताना मागचा भाग सीटवर दाबून घेते.

पांदणीचं वाचून कळलं मी चुकीचा प्रश्न विचारत होते. पण पिवळा की भगवा? आमच्याकडे दोन्ही बाजूंनी सोयाबीन आणि पऱ्हाटी आहे, सगळं हिरवंगार. पोपटी-पिवळा त्यात मिसळणार नाही का?

खाणीतला_सेफ्टीवाला
मिसळतो, तुमची शंका खरी आहे. आमच्याकडे काळ्या कोळशावर दोन्ही उठून दिसतात, म्हणून मी या बाजूने विचार केला नव्हता. घेण्याआधी करून पाहा. दुकानातून दोन्ही रंगांचे साधे जॅकेट आणा, ते शंभर-दीडशेत मिळतात.

हेल्मेटबद्दल मात्र मी पांढऱ्यावर ठाम आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात मोटरसायकलस्वारांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना जखमी होण्याइतक्या अपघाताचा धोका सुमारे २४ टक्के कमी निघाला, चकाकते किंवा पट्टीचे कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्के. साध्या कपड्यांच्या रंगाने मात्र काहीच फरक पडला नव्हता. आता पांढरं हेल्मेट घेणारा माणूस मुळातच जपून चालवत असेल, हेही त्यात असू शकतं. तरी घ्या. आणि जुनं काळं हेल्मेट ऑइलपेंटने रंगवू नका, थिनरने कवच कमजोर होतं.

दारव्ह्याची_ताई
काल करून पाहिलं. रिमझिम होती. सोयाबीनच्या धुऱ्याला भाऊ भगव्या जॅकेटमध्ये आणि नवरा पोपटी-पिवळ्यात उभे केले. दोनशे पावलांवरून मी शेजाऱ्यांच्या कारमध्ये बसून पाहिलं.

साडेसहाला भगवा लगेच डोळ्यात भरला, पिवळा शोधावा लागला. सातनंतर उलटं झालं. भगवा विटकरी होत गेला, पिवळा फिका पण उजळ राहिला. सव्वासातला कारचा लाईट लावला तर दोन्ही रंग गेले, फक्त पट्ट्या दिसल्या. त्यातही भावाच्या जॅकेटची पट्टी ओली झाल्यावर राखाडी पडली. नवऱ्याची तशीच चमकत होती. तिच्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी आहे.

खाणीतला_सेफ्टीवाला
छान केलंत. भावाच्या पट्टीवर काचेचे बारीक मणी उघडे असतात, त्यांच्यावर पाणी साचलं की उजेड परत फिरत नाही. नक्षीवाली बंद असते, पाण्यातही चालते. दुकानात मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून, पट्टीवर पाणी टाकून पाहा. टॉर्च हातभर दूर धरला तर चांगली पट्टीसुद्धा मेलेली वाटेल.

रंगाचं म्हणाल तर मी तरी पोपटी-पिवळाच घेईन, कारण तुम्ही पावणेसातला निघता आणि निम्मी वाट सातनंतरची आहे.

पिकअपवाला_दिग्रस
मी नाई मानत. पांदनीतून गाडी निघते ते बहुतेक सातच्या आधी, मजूर सोडाले. तवा मागं हिरवंच असते. भगवाच घ्या ताई.

गजू_पाटील
मंग वरून भगवा अन् हेल्मेट पिवळं, असं चालन का?

दारव्ह्याची_ताई
हेल्मेट पांढरंच घेतलं, त्यावर मागे आणि दोन्ही कानांच्या बाजूला नक्षीवाल्या पट्टीचे तुकडे लावले. रेनकोट भगवा घेते आहे, बाह्यांना आणि खांद्यांना तीच पट्टी शिवून घेणार. सप्टेंबरात सव्वासहालाच दिवे लागतील आणि सोयाबीनही पिवळं पडेल, तेव्हा हेच जॅकेट कसं दिसतं ते पुन्हा धुऱ्यावर पाहून इथे लिहीन. दरम्यान कोणी शिवणीवरून पट्टी लावून घेतली असेल तर सांगा, सुईच्या छिद्रांतून पाणी येतं का?